उताऱ्यातला निवेदक नक्की कुणाच्या नजरेतून बघतोय? आणि त्यावरून आशयसूत्र कसं काढायचं?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. साहित्याच्या पेपरची तयारी करतेय. वर्गात उताऱ्यांचं हँडआउट मिळालंय, त्यातल्या एका उताऱ्यावर सराव म्हणून निबंधवजा उत्तर लिहून दिलं होतं. प्रश्न असा: "या उताऱ्यातील निवेदकाचा दृष्टिकोन आणि आशयसूत्र यांचा परस्परसंबंध उताऱ्याच्या आधारे स्पष्ट करा." उतारा टाइप करून देते. हँडआउटवर वर फक्त "एका कथेतील उतारा" एवढंच लिहिलंय.

> सगळं वाटून घ्यायला एक दुपार पुरेल, असं प्रभाकरला वाटलं होतं. तीन खोल्यांत असणार तरी काय? त्याने कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे स्वतःचं नाव लिहिलं, उजवीकडे नंदाचं. नंदा दारात उभी होती, ओले हात पुसत.
>
> "चाव्या?" त्याने विचारलं.
>
> तिने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागून चाव्या काढून दिल्या. गठ्ठ्यामागे! अण्णांना ही सवय कधीपासून लागली, कोण जाणे. कपाट मात्र उघडेना. "किल्ली जरा वर उचलून फिरव," ती म्हणाली. त्याने उचलून फिरवली. कपाट उघडलं. […]
>
> उजव्या बाजूला तो भराभर लिहीत गेला: भांडी, शिवणयंत्र, पलंग, दोन्ही खुर्च्या. तिला काही कमी पडू द्यायचं नाही, हे त्याने गाडीतच ठरवलं होतं. स्वतःसाठी फक्त टेबलावरचं घड्याळ. ते बंद होतं.
>
> "दोन वर्षं झाली," नंदा म्हणाली. "किल्ली द्यायचं ते विसरायला लागले, तेव्हा मी देत होते. मग म्हणाले, राहू दे, आवाज नको."
>
> प्रभाकरने घड्याळ कानाशी धरलं. हे तिने कळवायला हवं होतं. त्याने कागदाची घडी घातली. डाव्या बाजूला एकच ओळ होती, आणि उजव्या बाजूला लिहायला जागा उरली नव्हती.

मी लिहिलं होतं त्याचा सारांश: निवेदक तृतीयपुरुषी आणि सर्वसाक्षी आहे, त्याला पात्रांच्या मनातलं कळतं. लेखकाच्या मते नंदाने घड्याळाबद्दल कळवायला हवं होतं. आशयसूत्र म्हणजे कौटुंबिक नातेसंबंध.

मॅडमनी समासात लिहिलंय, "प्रकार सांगितलास, मग पुढे काय?" मला हे "पुढे काय" कळत नाहीये. कुणी समजावेल का?

---

पानगळ

सर्वसाक्षी नाही गं. "तो, ती" दिसलं की सर्वसाक्षी लिहायचं ही सगळ्यांनाच लागलेली सवय आहे. नंदाच्या मनात काय चाललंय हे या उताऱ्यात एकदाही सांगितलेलं नाही, बघ. कळतं ते फक्त प्रभाकरच्या मनातलं. म्हणजे हा मर्यादित तृतीयपुरुषी निवेदक. आणि तो अविश्वसनीयही आहे, कारण प्रभाकरला वाटतं त्यावर आपण विश्वास ठेवू शकत नाही. अविश्वसनीय निवेदक असं लिहिलंस तर गुण नक्की.

घड्याळ हे थांबलेल्या काळाचं, म्हणजे मृत्यूचं प्रतीक आहे, तेही घाल.

---

बाबूराव_वाचतोय

माझं साधं मत. वाटणी करताना भाऊ एकटाच कागद घेऊन बसलाय, बहिणीला विचारतही नाही. मुलीलाही समान वाटा असतो. नंदाने गप्प का बसावं? खुर्च्या आणि भांडी तिच्या नावावर, मग घर कुणाच्या नावावर? हा मुद्दा उत्तरात आलाच पाहिजे.

---

चिमटा

बाबूराव, पेपर साहित्याचा आहे, दिवाणी दाव्याचा नाही. ह. घ्या.

पण "विचारतही नाही" हे तुम्ही बरोबर पकडलंत.

---

समासातली_खूण

बरीच वर्षं या पेपरच्या उत्तरपत्रिका तपासतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोरी_वही, आधी एक प्रयोग कर. उताऱ्यातल्या प्रत्येक "प्रभाकर" आणि "त्याने"च्या जागी "मी" घालून वाच. "सगळं वाटून घ्यायला एक दुपार पुरेल, असं मला वाटलं होतं. मी कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली." शेवटपर्यंत कुठेही अडखळत नाही. आता नंदाला "मी" कर. "सगळं वाटून घ्यायला एक दुपार पुरेल, असं प्रभाकरला वाटलं होतं." लगेच प्रश्न येतो, हे मला कसं कळलं? "हे त्याने गाडीतच ठरवलं होतं" इथे तर पूर्णच अडतं, कारण त्या गाडीत मी नव्हतेच. म्हणजे आपण प्रभाकरच्या डोक्यात आहोत आणि नंदाकडे बाहेरून बघतोय. तिचे ओले हात दिसतात, तिचं बोलणं ऐकू येतं, त्यापलीकडे काही नाही. पानगळ, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

"अविश्वसनीय निवेदक" मात्र इथे बसत नाही. ही कल्पना वेन बूथ यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हापासून ती परीक्षांमध्ये भलतीच लोकप्रिय आहे. पण त्यासाठी गोष्ट सांगणाऱ्याच्याच शब्दावर शंका घ्यायला जागा हवी. इथे गोष्ट प्रभाकर सांगत नाही. सांगणारा आवाज वेगळा आहे आणि त्याच्या शब्दावर शंका घ्यावी असं काहीच उताऱ्यात नाही. रेघ मारली म्हणजे मारली, घड्याळ बंद म्हणजे बंद. अपुरी आहे ती प्रभाकरची समज. १९७२ मध्ये जेरार जेनेत यांनी हेच दोन प्रश्न वेगळे करून दाखवले: बोलतं कोण, आणि पाहतं कोण? या उताऱ्यात पाहतो प्रभाकर, बोलतो दुसराच. उत्तरात त्यांची नावं घ्यायची काहीच गरज नाही, पण हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेव.

"मग पुढे काय?" याचं उत्तर इथून सुरू होतं. दृष्टिकोन ओळखल्यावर लगेच विचारायचं की या नजरेला काय दिसत नाहीये? उताऱ्यात जे आहे, पण ज्याच्या नजरेने आपण बघतोय त्याला ते उमगत नाही, त्या जागेवर आशयसूत्र सापडायची शक्यता सगळ्यात जास्त असते.

---

कोरी_वही

मॅडम, खूप आभार. "मी" घालून बघितलं, खरंच कळतं. पण मग "हे तिने कळवायला हवं होतं" हे वाक्य कुणाचं? तिथे "प्रभाकरला वाटलं" असं काही लिहिलेलं नाही. म्हणून मला वाटलं की ते लेखकाचं मत आहे.

---

समासातली_खूण

सगळ्यात जास्त गुण याच वाक्यावर जातात, त्यामुळे चांगलं विचारलंस.

मराठीत मनातलं वाक्य अवतरणचिन्ह न लावता, "असं त्याला वाटलं" न म्हणता निवेदनात सहज मिसळून जातं. ते ओळखायचं सुरावरून. उताऱ्यात अशी वाक्यं आणखी आहेत. "तीन खोल्यांत असणार तरी काय?" हा प्रश्न कोण विचारतंय? बाहेरून शांतपणे सांगणाऱ्याला असा तिरकस प्रश्न पडायचं कारण नाही. "गठ्ठ्यामागे!" यातलं उद्गारचिन्ह कुणाचं? ज्याला आश्चर्य वाटलं त्याचं. नंदाला आश्चर्य वाटणं शक्यच नाही, चाव्या तिनेच काढून दिल्यात. पुढचं वाक्य तर आणखी बोलकं आहे: "अण्णांना ही सवय कधीपासून लागली, कोण जाणे." निवेदक "त्याचे वडील" म्हणत नाही, "अण्णा" म्हणतो, म्हणजे शब्द घरातल्या माणसाचा आहे. आणि "कोण जाणे" म्हटल्यामुळे ते घरातलं माणूस नंदा असू शकत नाही, कारण तिला ते नक्की माहीत असणार. उरतो प्रभाकर.

आता "हे तिने कळवायला हवं होतं" वाच. तोच सूर, तीच नाराजी. हा ठपका प्रभाकरच्या मनातला आहे. निवेदकाने तो फक्त आपल्यासमोर ठेवलाय, त्यावर सही केलेली नाही. "लेखकाच्या मते" असं लिहिलंस की पात्राचा गैरसमज लेखकाच्या माथी मारला जातो आणि उतारा उलटा वाचला जातो. दोन वर्षं घड्याळ बंद आहे हे ज्याला माहीत नव्हतं, त्याने विचारलं का नाही, हा प्रश्न वाचकाच्या मनात यावा म्हणून तर तो ठपका तिथे आहे.

एक पथ्य सांगते. "लेखक म्हणतो" असं लिहायला हात गेला की थांबायचं आणि बघायचं, हे निवेदक म्हणतोय, पात्र म्हणतंय की पात्राला नुसतं वाटतंय? तिन्हींपैकी जे असेल ते लिहायचं.

---

दुपारची_गाडी

धागा छान चाललाय, मध्येच घुसतो. माझ्या हँडआउटमधला उतारा प्रथमपुरुषी आहे. लहान मुलगा सांगतोय की आई रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहायची, त्याला वाटायचं ती पाऊस बघते. "मी" निवेदन आहे म्हणजे दृष्टिकोन मुलाचा, विषय संपला ना? तिथे "मी" घालून बघायची भानगडच नाही.

---

समासातली_खूण

विषय तिथेच सुरू होतो. "त्याला वाटायचं ती पाऊस बघते" यातलं "वाटायचं" बघा. आता तसं वाटत नाही, असं सांगणाऱ्याला म्हणायचंय. म्हणजे तिथे "मी" दोन आहेत, खिडकीकडे बघणारा छोटा आणि आज सांगणारा मोठा. पूर्ण उतारा पाहिल्याशिवाय जास्त बोलत नाही. पण मोठा कुठे डोकावतो ती वाक्यं खुणा करून ठेवा. "तेव्हा", "नंतर कळलं", किंवा मुलाच्या तोंडी न शोभणारा एखादा शब्द. एकदाही डोकावत नसेल तर तीही नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

---

दुपारची_गाडी

"पुढे बऱ्याच वर्षांनी" असं एकदा आलंय खरं. बघतो. धन्यवाद.

---

पानगळ

मॅडम, अविश्वसनीय निवेदकाचं पटलं. पण घड्याळाच्या प्रतीकाबद्दल काहीच बोलला नाहीत. बंद घड्याळ म्हणजे मृत्यू हे तर उघड आहे ना?

---

समासातली_खूण

उघड आहे म्हणूनच धोक्याचं. "बंद घड्याळ म्हणजे मृत्यू" हे वाक्य हा उतारा न वाचताही लिहिता येतं, आणि परीक्षकाला ते लगेच जाणवतं. या उताऱ्याने घड्याळाचं काय केलंय ते बघायचं. ते अण्णा गेले तेव्हा बंद पडलेलं नाही, दोन वर्षांपूर्वी बंद झालंय. आपोआप बंद पडलेलं नाही, अण्णांनीच "राहू दे" म्हटलंय. त्याआधी किल्ली नंदा देत होती. प्रभाकरला यातलं काहीच माहीत नाही, आणि नेमकी तीच एक वस्तू तो स्वतःसाठी निवडतो. मृत्यूपेक्षा हे घड्याळ त्याच्या गैरहजेरीबद्दल जास्त सांगतं. "मृत्यू" लिहायचंच असेल तर यातल्या कुठल्या शब्दावर ते उभं आहे हे दाखवावं लागेल, आणि मला तसा शब्द सापडत नाही.

---

कोरी_वही

मग आशयसूत्र "वडिलांकडे दुर्लक्ष करू नये" असं लिहू का?

---

चिमटा

तो उपदेश झाला. उताऱ्यात कुणीही कुणाला उपदेश केलेला नाही. शिवाय प्रभाकर दुष्ट नाहीये. भांडी, शिवणयंत्र, पलंग, खुर्च्या सगळं बहिणीला देतोय. उताऱ्याची गंमतच त्यात आहे. तो वाईट असता तर गोष्ट दोन मिनिटांत संपली असती.

---

समासातली_खूण

चिमटा म्हणतात त्याला माझं अनुमोदन. कोरी_वही, "कौटुंबिक नातेसंबंध" हा विषय झाला, तो हजार कथांना लावता येईल. "दुर्लक्ष करू नये" हे तात्पर्य झालं, तेही हजार कथांना लागेल. आशयसूत्र पूर्ण वाक्यात लिहायचं आणि ते याच उताऱ्यातून निघालेलं असावं.

कसं काढायचं ते सांगते. काय पुन्हा पुन्हा घडतंय ते शोध. प्रभाकर तीन जागी अडतो: चाव्या कुठे, कपाट कसं उघडायचं, घड्याळ कधीपासून बंद. तिन्ही वेळा उत्तर नंदाकडून येतं आणि तिन्ही वेळा ते अगदी साध्या सुरात येतं. तिच्याकडे या घराचं असं ज्ञान आहे जे इथे राहिल्याशिवाय मिळत नाही. किल्ली "जरा वर उचलून" फिरवावी लागते, हे कुठल्या यादीत लिहिणार?

आता समोर यादी ठेव. कागद, मधोमध रेघ, दोन नावं. प्रभाकरच्या हिशेबात घर म्हणजे वाटता येणाऱ्या वस्तू. म्हणून त्याला स्वतःचं वागणं उदार वाटतं, आणि वस्तूंपुरतं ते उदार आहेही. पण उताऱ्यात त्याच्या तोंडी एकच शब्द आहे, "चाव्या?" त्याचा सगळा चांगुलपणा त्याच्या डोक्यात आहे, नंदापर्यंत त्यातलं काही पोचत नाही. "गाडीतच ठरवलं होतं" यातला "च" बघ. म्हणजे घर बघायच्या आधी, तिच्याशी बोलायच्या आधी. बाबूरावांना जे खटकलं ते हेच. त्यांनी फक्त ते हक्काच्या भाषेत मांडलं.

या सगळ्यावरून एक वाक्य होतं: वस्तूंची वाटणी करून नात्याचा हिशेब चुकता होतो असं समजणाऱ्याला, सोबत राहून मिळणारी जी ओळख असते ती कागदावर मांडता येत नाही, आणि तिला आपण मुकलो आहोत हेही त्याला धड कळत नाही.

हेच वाक्य घे असं नाही. तुझं वेगळं असू शकतं, पण तेही असंच उताऱ्यातल्या शब्दांवर टेकलेलं हवं.

आणि आता तुझ्या मॅडमचं "पुढे काय". लेखकाने हे नंदाच्या नजरेतून सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिची दोन वर्षं सविस्तर आली असती आणि प्रभाकर परका वाटला असता. उतारा बहुधा तक्रार झाला असता. प्रभाकरच्या नजरेतून सांगितल्यामुळे नंदाची वर्षं आपल्याला तुकड्यातुकड्यांनीच कळतात: ओले हात, गठ्ठ्यामागच्या चाव्या, "तेव्हा मी देत होते". जे प्रभाकरने पाहिलं नाही ते आपल्यालाही अर्धवटच दिसतं. दृष्टिकोन आणि आशयसूत्र यांचा "परस्परसंबंध" म्हणजे हे. प्रश्नात तो शब्द उगाच घातलेला नाही.

---

चिमटा

एक गोष्ट नाही पटली. "हेही त्याला धड कळत नाही" असं कसं म्हणता? शेवटी त्याला कळतं. तो घड्याळ कानाशी धरतो, मग कागदाची घडी घालतो. वाटणी थांबवतो! आणि शेवटच्या ओळीत डावी बाजू जवळपास रिकामी दिसते. त्याला स्वतःचं रिकामपण दिसतं. हा साक्षात्काराचा क्षण आहे.

---

पानगळ

चिमटाला +१. आणि मधलं […] पण बघा. लेखकाने तिथे जाणीवपूर्वक मौन ठेवलंय. कपाटात काय होतं ते सांगितलं नाही.

---

समासातली_खूण

पानगळ, चौकटी कंसातले ते तीन टिंब हँडआउट बनवणाऱ्याने टाकलेत. तिथला मजकूर जागा वाचवायला गाळलाय, इतकाच त्याचा अर्थ. लेखकाने टिंबं दिली असती तर ती कंसाशिवाय आली असती. त्या टिंबांवर मौनाचा मुद्दा उभारलेला मी उत्तरपत्रिकांत पाहिलाय आणि तो प्रत्येक वेळी कोसळतो. तसंच, वर "एका कथेतील उतारा" लिहिलंय, म्हणजे शेवटची ओळ कथेची शेवटची असेलच असं नाही. "कथेच्या शेवटी" लिहू नका, "उताऱ्याच्या शेवटी" लिहा.

चिमटा, तुमचं वाचन शक्य आहे. पण उताऱ्यात प्रभाकरच्या मनातलं शेवटचं वाक्य कुठलं? "हे तिने कळवायला हवं होतं." म्हणजे दोष नंदाचा. त्यानंतर तो घडी घालतो, आणि उजव्या बाजूला जागा उरलेली नाही. यादी पूर्ण झाली म्हणूनही माणूस घडी घालतो. कळलं, असं सांगणारा शब्द मला दिसत नाही.

---

चिमटा

शब्द नाही हाच माझा पुरावा! आतापर्यंत निवेदक प्रभाकरची प्रत्येक बारीक प्रतिक्रिया देत होता. खोल्यांत असणार तरी काय, गठ्ठ्यामागे, कोण जाणे, कळवायला हवं होतं. शेवटच्या दोन वाक्यांत त्याचं मन अचानक बंद होतं. फक्त कागद उरतो. इतका वेळ बडबडणारं मन गप्प होतं तेव्हा काहीतरी झालेलं असतं.

---

समासातली_खूण

हा मुद्दा चांगला आहे. निवेदक शेवटी प्रभाकरच्या डोक्यातून बाहेर येतो, हे मान्य. पण बाहेर आलेला निवेदक आपल्याला दाखवतोय की प्रभाकरला दाखवतोय? डाव्या बाजूच्या एका ओळीचा अर्थ वाचकाला कळावा आणि प्रभाकरला कळू नये, असंही त्या वाक्याचं काम असू शकतं. मला अजून तेच जास्त पटतं.

---

चिमटा

मला नाही. असो.

---

कोरी_वही

आता मी कुणाचं लिहू? 😅

---

समासातली_खूण

तुला पटेल ते. परीक्षक निकाल बघत नाही, तू कुठल्या शब्दावरून तिथवर आलीस ते बघतो. एक बाजू घे आणि दुसरी शक्य आहे हे एका वाक्यात मान्य कर. "एकीकडे असं, दुसरीकडे तसं" म्हणत दोन्ही दगडांवर पाय ठेवलास तर उत्तर ढिलं पडतं.

मांडणीबद्दल थोडंसं. निवेदकाचे प्रकार किती आणि कोणते, यावर सुरुवातीचं अर्धं पान घालवू नकोस. ते कुणी विचारलेलं नाही. गोष्टही पुन्हा सांगू नकोस, उतारा परीक्षकासमोर आहे. पहिल्याच परिच्छेदात दृष्टिकोन आणि आशयसूत्र एकत्र एका दाव्यात मांड, मग तो दावा उताऱ्यातल्या तीनचार जागांवर तपासून दाखव. अवतरणं दोनचार शब्दांची घे आणि स्वतःच्या वाक्यात गुंफ. अख्खं वाक्य उतरवलंस तर त्यातल्या कुठल्या शब्दाकडे बोट दाखवतेयस ते कळत नाही.

---

कोरी_वही

एक परिच्छेद लिहून बघितला. फाडा.

"निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी ते प्रभाकरच्या जाणिवेपुरतं मर्यादित आहे. 'असणार तरी काय?' आणि 'गठ्ठ्यामागे!' यांसारखी वाक्यं त्याच्या मनातून थेट निवेदनात येतात. त्यामुळे घराची ओळख आपल्याला एका पाहुण्याच्या नजरेने होते. याउलट नंदाच्या मनात निवेदक एकदाही शिरत नाही, तिचं या घरातलं आयुष्य 'ओले हात' आणि 'तेव्हा मी देत होते' अशा ओझरत्या शब्दांतच दिसतं. प्रभाकर घराची वाटणी रेघ मारून करतो, पण चाव्यांची जागा, कपाटाची खोड आणि घड्याळाची गोष्ट त्या रेघेच्या कुठल्याच बाजूला लिहिता येत नाही. 'हे तिने कळवायला हवं होतं' हा ठपका त्याच्या दृष्टिकोनाची मर्यादा उघड करतो, कारण न कळवण्याइतकंच न विचारणंही त्यात लपलेलं आहे. लेखकाला नंदाबद्दल खूप सहानुभूती आहे."

---

पानगळ

अरे वा, "पाहुण्याच्या नजरेने" मस्त.

---

समासातली_खूण

चांगलं जमलंय. शेवटचं वाक्य काढ. लेखकाला काय वाटतं ते उताऱ्यात नाही, आणि त्याआधीच्या वाक्याने जे कमावलंय ते हे वाक्य घालवतं. "पाहुण्याच्या" हा शब्द पानगळना आवडला, मलाही आवडला, पण त्याला आधार दे. "गाडीतच" इथे वापरता येईल: तो बाहेरून, ठरवून आलेला आहे. "त्यात लपलेलं आहे" हे जरा मोघम झालं. कुणाचं न विचारणं? "प्रभाकरने दोन वर्षांत विचारलंच नव्हतं, ही बाब तो ठपका झाकतो" असं काहीसं सरळ लिही. मात्र "दोन वर्षांत तो एकदाही आला नव्हता" असं लिहू नकोस. आला असेल आणि त्याचं घड्याळाकडे लक्ष गेलं नसेल. उतारा तेवढं सांगत नाही.

---

बाबूराव_वाचतोय

मग घर कुणाला मिळालं ते कळणारच नाही का?

---

चिमटा

बाबूराव, पूर्ण कथा मिळाली तर आम्हालाही सांगा. मला ती घडी घातल्यावर पुढे काय होतं ते बघायचंय.

---

कोरी_वही

बदल करून पुन्हा लिहिते. शेवटच्या ओळीबाबत मी चिमटांच्या बाजूने जाणार आहे, मॅडम. प्रभाकरचं मन तिथे गप्प होतं हा मुद्दा मला जास्त भक्कम वाटतो. पण "कळवायला हवं होतं" हे त्याआधीचं वाक्य तुमच्या बाजूचं आहे, तेही लिहीन.

---

समासातली_खूण

लिही की. फक्त "साक्षात्कार" हा शब्द वापरू नकोस, तो फार मोठा होतो. "मन गप्प होतं" हेच लिही आणि नेमकं कुठल्या वाक्यापासून, ते दाखव.